मधल्या काळातली कमाई सांगावी की लपवावी?

वाचकाचे पत्र

मी एका कारखान्यात कायम कामगार होतो. 1 जुलै 2015 रोजी कंपनीने मला बडतर्फ केले. तेव्हा पगार 22,000 रुपये होता. कामगार न्यायालयाने 2021 मध्ये बडतर्फी बेकायदेशीर ठरवून सेवासातत्य आणि संपूर्ण मागील वेतनासह कामावर घेण्याचा निवाडा दिला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथे मी शपथपत्र दिल्यावर ऑक्टोबर 2021 पासून मला दरमहा 22,000 रुपये मिळू लागले. जून 2024 मध्ये उच्च न्यायालयाने कामावर घेण्याचा भाग कायम ठेवला. मात्र मागील वेतनाबाबत साक्षीपुरावाच झालेला नाही, असे म्हणून तेवढा प्रश्न कामगार न्यायालयाकडे परत पाठवला. 1 जुलै 2024 पासून मी कामावर आहे.

बडतर्फीनंतरचे पहिले वर्ष मी घरीच होतो. बायकोने डबे करून घर चालवले. पुढची तीन वर्षे मी एका लहान वर्कशॉपमध्ये 13,000 रुपयांवर काम केले. जुलै 2019 पासून कर्जावर घेतलेली रिक्षा चालवली. आता पुराव्याचे शपथपत्र द्यायचे आहे. सहकारी म्हणतात, "पूर्ण काळ बेकार होतो, असेच लिही. सिद्ध करायचे काम कंपनीचे आहे. कमाई कबूल केलीस तर एक पैसाही मिळणार नाही." खोटे लिहायला मन घेत नाही, पण नऊ वर्षांचे नुकसान सोसायलाही मन तयार नाही. काय करावे?

उत्तर

आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला दोन समजुतींवर उभा आहे. कमाई कबूल केली की मागील वेतन बुडते, ही पहिली. आणि सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असल्याने आपण गप्प राहिलेले बरे, ही दुसरी. पहिली समजूत चुकीची आहे. दुसरी अर्धी खरी आहे, आणि न्यायालयात अर्धे खरे हे पूर्ण खोट्यापेक्षा अधिक घात करते, कारण त्यावर विसंबून माणूस निर्धास्त होतो.

एक खुलासा आधी करतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. परंतु आपला वाद औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 खाली उभा राहिला आणि मागील वेतनाची तत्त्वे मुख्यतः न्यायालयांच्या निकालांतून घडलेली आहेत. म्हणून येथे जुन्याच कायद्याची भाषा वापरली आहे.

या विषयात ज्या निकालापासून सुरुवात करावी, तो महाराष्ट्रातलाच आहे. दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालय या प्रकरणात एका प्राथमिक शिक्षिकेची सेवा संस्थेने संपवली होती. शाळा न्यायाधिकरणाने ती कारवाई रद्द करून संपूर्ण मागील वेतन देण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मागील वेतनाचा भाग काढून टाकला आणि 12 ऑगस्ट 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो परत बसवला. बेकायदेशीर बडतर्फी रद्द झाली की सेवासातत्य आणि मागील वेतनासह पुन्हा कामावर घेणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही. सेवेचा कालावधी, एखादे गैरवर्तन सिद्ध झाले असल्यास त्याचे स्वरूप आणि मालकाची आर्थिक स्थिती यांचा विचार न्यायालय करू शकते.

पुरावा कोणी द्यायचा, याचा क्रमही त्याच निकालात आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या क्रमात दडलेले आहे. पहिले पाऊल कामगाराचे असते. आपण मधल्या काळात कोठेही नोकरीत नव्हतो, किंवा पूर्वीपेक्षा कमी पगारावर होतो, असे त्याने निदान निवेदन तरी केले पाहिजे. ते झाले की भार मालकाकडे जातो. कामगार दुसरीकडे काम करत होता आणि त्याला पूर्वीच्या वेतनाइतकी प्राप्ती होत होती, हे मालकाने सांगायचे आणि पुराव्याने दाखवायचे असते.

"किंवा पूर्वीपेक्षा कमी पगारावर होतो" या शब्दांकडे आपल्या सहकाऱ्यांचे लक्ष गेलेले नाही. कमी पगारावर काम केलेल्या माणसाची कल्पना कायद्याने आधीच केलेली आहे आणि त्यालाही या नियमाच्या बाहेर ठेवलेले नाही. 22,000 रुपयांची नोकरी गेलेला माणूस 13,000 वर काम करतो, तेव्हा त्याचे दरमहा 9,000 रुपयांचे नुकसान चालूच असते. मागील वेतन हे त्या नुकसानीची भरपाई आहे. ते मालकाला केलेला दंड नाही आणि कामगाराला मिळालेले बक्षीसही नाही. म्हणून मधली कमाई सांगितल्याने हक्क नाहीसा होत नाही. रक्कम तेवढ्याने कमी होते.

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. भार शेवटी कंपनीवर जातो, हे खरे. परंतु आपण कोठे काम केले, ही गोष्ट मुख्यतः आपल्यालाच ठाऊक असते, म्हणून पहिले निवेदन आपल्याकडून अपेक्षित असते. ते निवेदन खोटे निघाले, तर कंपनीला फार काही करावे लागत नाही. आणि ते खोटे निघेल का, याचा विचार शांतपणे करा. वर्कशॉपमध्ये तीन वर्षे आपला भविष्यनिर्वाह निधी कापला गेला असेल, तर त्याची नोंद आपल्या यूएएन क्रमांकावर महिन्यागणिक आहे. पुन्हा रुजू होताना आपण फॉर्म 11 भरला असेल, तर त्यात आधीच्या नोकरीची माहिती विचारलेली असते. तो फॉर्म कंपनीच्याच दप्तरात आहे. रिक्षाचा परवाना, बॅज आणि वाहनाची नोंदणी आरटीओकडे आहे, कर्जाचे खाते बँकेत आहे. कंपनीच्या वकिलांनी अर्ज केला तर न्यायालय ही कागदपत्रे मागवू शकते. एवढ्या ठिकाणी उमटलेली नऊ वर्षे एका वाक्याने पुसली जात नाहीत.

खोटी साक्ष हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे आपल्याला कोणीतरी सांगेलच. प्रत्यक्षात असे खटले थोडेच भरले जातात. मला अधिक भय वाटते ते वेगळ्या गोष्टीचे. मागील वेतन किती द्यायचे, यात न्यायालयाला बराच मोकळा हात असतो आणि तो हात साक्षीदारावरच्या विश्वासाने चालतो. वर्कशॉपचे 36 महिने लपवलेले सापडले, तर बेकारीचे पहिले 12 महिनेही संशयात जातात. ते महिने आपण खरोखर घरी बसलेले होतात आणि त्यांचे पूर्ण वेतन आपल्याला मिळायला हवे. पण तेव्हा त्या महिन्यांसाठी आपल्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसेल.

म्हणून काळाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र विचार करू.

पहिले वर्ष सोपे आहे. पत्नीने डबे करून घर चालवले, त्याची भीती बाळगू नका. ती कमाई तिची आहे. वजावट कामगाराच्या स्वतःच्या उत्पन्नाची होते, कुटुंबाने त्याला कसे जगवले याची नव्हे. राजिंदर कुमार किंद्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या 1984 च्या प्रकरणात बडतर्फ कर्मचारी सासऱ्यांकडे राहून त्यांच्या कोळशाच्या वखारीत मदत करत होता. कंपनी म्हणाली, हाच त्याचा रोजगार. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. याला रोजगार म्हणायचे तर उद्या पोटासाठी भीक मागणाऱ्यालाही रोजगार होता असे मालक म्हणतील, अशा आशयाचे खरमरीत उत्तर दिले. उलटतपासणीत "मग तुमचा उदरनिर्वाह कसा चालला?" हा प्रश्न हमखास येतो. पत्नीचे डबे, नातेवाइकांची उसनवारी, मोडलेले दागिने, जे असेल ते सरळ सांगा. या प्रश्नावर अडखळणारा माणूस काहीतरी लपवतो आहे असे वाटते. "बायकोने घर चालवले" म्हणणारा तसा वाटत नाही. त्या वर्षी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले असेल किंवा कोठे अर्ज केले असतील, तर तेही जोडा.

वर्कशॉपची तीन वर्षेही अवघड नाहीत. पगार ठरलेला होता, तो पूर्वीपेक्षा कमी होता आणि त्याची नोंद आहे. यूएएनचे पासबुक आणि बँकेचे उतारे आपणच दाखल करा. कंपनीने शोधून काढलेला कागद आणि कामगाराने स्वतः पुढे ठेवलेला तोच कागद यांचे वजन वेगळे पडते.

खरी गुंतागुंत रिक्षाची आहे. "रिक्षा म्हणजे नोकरी नव्हे," असे आपले सहकारी म्हणतील. या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नका. उत्तर-पूर्व कर्नाटक मार्ग परिवहन महामंडळाच्या 2007 च्या एका प्रकरणात कामगाराला शेतीचे उत्पन्न होते. शेती म्हणजे नोकरी नव्हे, असे म्हणून कामगार न्यायालयाने ते बाजूला ठेवले होते; सर्वोच्च न्यायालयाला ते पटले नाही. उत्पन्न आस्थापनेतून आले की स्वतःच्या उद्योगातून, हा केवळ स्रोताचा फरक आहे, असे न्यायालयाने म्हटले. मग किंद्रा प्रकरणाशी हे जुळते कसे? सासऱ्यांच्या वखारीतली मदत ही आसरा मिळाल्याची परतफेड होती, तिच्यातून स्वतंत्र उत्पन्न नव्हते. आपल्या रिक्षातून उत्पन्न होते. त्यामुळे ते मोजले जाईल, असे धरूनच चाला.

मात्र मोजायचे काय, यावर सारे अवलंबून आहे, आणि येथे प्रामाणिक माणूसही निष्काळजीपणामुळे फसतो. आपल्या पत्रात रिक्षाच्या उत्पन्नाचा आकडा नाही, म्हणून उदाहरणासाठी एक धरतो. महिन्याचा एकूण धंदा 24,000 रुपये. त्यातून गॅस 8,500, कर्जाचा हप्ता 5,000, विमा, पासिंग आणि दुरुस्तीचे सरासरी 1,500 रुपये. हाती 9,000 राहिले. उलटतपासणीत वकील सहज विचारतील, "महिन्याला साधारण चोवीस हजारांचा धंदा होत होता, बरोबर?" आपण "हो" म्हणालात आणि पुढचे बोलायला वाव मिळाला नाही, तर नोंदीत एवढेच राहील की कामगाराची प्राप्ती 22,000 च्या वर होती. मग वर सांगितलेली "पूर्वीच्या वेतनाइतकी प्राप्ती" ही कसोटी कंपनीच्या बाजूने झुकते. म्हणून एकूण धंदा, खर्च आणि उरलेली रक्कम ही तिन्ही शपथपत्रातच मांडा. उलटतपासणीची वाट पाहू नका. गॅसच्या पावत्या सगळ्या नसतील, हे न्यायालयालाही समजते. विम्याच्या पावत्या, बँकेचा कर्जउतारा, गॅरेजची काही बिले आणि एका साध्या महिन्याचा हिशेब एवढ्यानेही चित्र उभे राहते. हप्त्यातील मुद्दल हा खर्च नसून आपली मालमत्ता वाढते आहे, असा आक्षेप कंपनी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. त्याला उत्तर म्हणून रिक्षा घेतानाची किंमत आणि आजची किंमत यांतील घट दाखवण्याची तयारी ठेवा. टाळेबंदीत रिक्षा उभी होती ते महिने शून्य उत्पन्नाचे म्हणून वेगळे लिहा.

आता उच्च न्यायालयातल्या शपथपत्राविषयी. त्याचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा तीच आहे. तेव्हा मिळालेले दरमहा 22,000 रुपये हे मागील वेतन नव्हे. ते औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 17-ब खालचे वेतन आहे. मालक निवाड्याविरुद्ध वर जातो तेव्हा निकाल लागेपर्यंत कामगाराची उपासमार होऊ नये, यासाठी 1984 पासून ही तरतूद अमलात आली. त्यात शेवटचे उचललेले वेतनच मिळते; दरम्यानची पगारवाढ धरली जात नाही, हे देना बँक विरुद्ध किरीटकुमार पटेल या निकालाने ठरले आहे. मालक पुढे जिंकला तरी ती रक्कम कामगाराकडून परत घेतली जात नाही.

मधल्या कमाईचे गणित दोन्हींकडे निरनिराळे आहे. मागील वेतनात कमाई वजा होते. कलम 17-ब मध्ये वजावट नाही: कामगार दुसरीकडे नोकरीत होता आणि त्याला पुरेसे वेतन मिळत होते असे न्यायालयाच्या समाधानापुरते सिद्ध झाले, तर त्या काळाचे वेतन द्यायचेच नाही, असे कलम सांगते. "कबूल केलेस तर एक पैसाही मिळणार नाही" ही धास्ती बहुधा येथूनच आली असावी. एका तरतुदीचा नियम दुसरीला लावला गेला आहे.

त्या शपथपत्राची प्रत आजच काढा आणि त्यातले नेमके शब्द वाचा. कलमाची भाषा "कोणत्याही आस्थापनेत नोकरीस नाही" अशी आहे. आपल्या शपथपत्रात एवढेच लिहिले असेल, तर रिक्षा चालवत असतानाही ते वाक्य शब्दशः खरे होते. स्वतःच्या उद्योगाला 17-ब लागू करताना सर्व उच्च न्यायालयांची भूमिका सारखी राहिलेली नाही. पण निदान आपण खोटे बोललात, असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र त्यात "मला कोणतेही उत्पन्नाचे साधन नाही" असे लिहिले असेल, तर ती चूक आधी आपल्या वकिलांना सांगा. मजकूर वाचून न दाखवता सही घेतली होती का, टंकलिखित नमुनाच वापरला होता का, याचा खुलासा नव्या शपथपत्रात स्वतःहून द्यावा लागेल. तो खुलासा अडचणीचा ठरेल. पण जुने चुकीचे वाक्य सांभाळण्यासाठी नवे खोटे वाक्य लिहिले, तर नंतर दोन्हींचा खुलासा करावा लागेल.

स्टेटमेंट ऑफ क्लेममध्येही "बडतर्फीपासून बेकार आहे" हे वाक्य असणार. ते 2016 च्या जूनपूर्वी दाखल झाले असेल, तर लिहिले त्या दिवशी ते खरेच होते. परिस्थिती पुढे बदलली, एवढेच नव्या शपथपत्रात सांगायचे आहे.

आता हिशेब मांडू. सोयीसाठी वेतन सर्व काळ 22,000 धरतो. जुलै 2015 ते सप्टेंबर 2021 हे 75 महिने होतात. त्यांचे वेतन 16,50,000 रुपये. त्यातून वर्कशॉपच्या 36 महिन्यांचे 13,000 प्रमाणे 4,68,000 वजा करा. रिक्षाचे या काळातले 27 महिने. त्यातील टाळेबंदीचे सहा शून्य धरले, तर 21 महिन्यांचे 9,000 प्रमाणे 1,89,000 वजा करा. राहिले 9,93,000 रुपये. सर्व कमाई उघड करूनही ही रक्कम उरते. खोटे बोलून हाती लागण्याची आशा असलेली जास्तीची रक्कम आहे 6,57,000, आणि तिच्यासाठी आपण 9,93,000 पणाला लावणार. सहकाऱ्यांना हे दोन आकडे दाखवा.

ऑक्टोबर 2021 ते जून 2024 या 33 महिन्यांत आपल्याला कलम 17-ब खाली 22,000 मिळालेच आहेत, त्यामुळे तेच वेतन दुसऱ्यांदा मिळणार नाही. कंपनी येथे एक पाऊल पुढे जाण्याचा प्रयत्न करील: याही 33 महिन्यांची रिक्षाची कमाई, म्हणजे 2,97,000 रुपये, आधीच्या काळाच्या थकबाकीतून कापा, असे ती म्हणेल. त्याला विरोध करा. 17-ब ची रक्कम परत घेता येत नाही. आणि या महिन्यांची कमाई मागच्या महिन्यांतून कापणे म्हणजे आडमार्गाने ती परत घेणेच होय. हा युक्तिवाद मान्य होईलच अशी खात्री मी देत नाही, पण तो मांडल्याशिवाय सोडू नये. हिशेब महिनावार तक्त्यात दिला, तर हा मुद्दा न्यायालयाला एका दृष्टिक्षेपात दिसतो. एकच एकत्रित बेरीज दिली, तर तो त्या बेरजेत हरवतो.

22,000 हा आकडाही अंतिम नाही. सेवासातत्य मिळाले आहे, म्हणजे मधल्या काळात कारखान्यात वेतनकरार झाले असतील तर त्यांतील वाढ आपल्याला लागू असल्याची मागणी करता येते. आपल्याबरोबरच्या, आपल्याच श्रेणीतील कामगाराच्या त्या वर्षांच्या पगारपत्रकांवरून वाढीव वेतनाचा तक्ता युनियनकडून करून घ्या. असे झाले, तर 17-ब च्या महिन्यांतही वाढीव वेतन आणि 22,000 यांतील फरक मागता येईल. मात्र त्या फरकातून रिक्षाची कमाई वजा करा, असे कंपनी म्हणेल आणि ते ऐकून घ्यावे लागेल.

येथे एक इशारा देणे भाग आहे. न्यायालये प्रत्येक वेळी असा रुपया-पैशांचा हिशेब करत नाहीत. पुष्कळदा सर्व परिस्थिती पाहून टक्केवारी ठरवली जाते. हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण मागील वेतनाचा नियम सांगितला, तरी कारखान्याची आर्थिक स्थिती पाहून प्रत्यक्षात 75 टक्केच दिले. आपल्या प्रकरणात न्यायालय 50 टक्के म्हणाले, तर 16,50,000 चे 8,25,000 होतात, म्हणजे आपल्या महिनावार हिशेबापेक्षा कमी. त्यावरही आणखी एक खोड मी पाहिलेली आहे. टक्केवारी मधली कमाई लक्षात घेऊनच कमी केलेली असते, आणि तरीही रक्कम देताना कंपनी त्यातून कमाई पुन्हा वजा करते. हे टाळण्यासाठी वकिलांनी लेखी युक्तिवादात मागणी करावी की आदेशात एकतर महिनावार हिशेबाची ठोस रक्कम यावी, किंवा टक्केवारीत मधली कमाई धरलेली आहे हे स्पष्ट लिहिले जावे. ठोस रक्कम आली तर दुसरा लाभ असा की, ती ठरवून घेण्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज करून आणखी काही वर्षे घालवावी लागत नाहीत.

शपथपत्रातील मुख्य परिच्छेद असा असू शकतो. वकील भाषा बदलतील, पण मजकुराचा सांगाडा हाच ठेवावा:

"बडतर्फीच्या दिनांकापासून 30 जून 2016 पर्यंत मी पूर्णपणे बेकार होतो व त्या काळात माझे स्वतःचे कोणतेही उत्पन्न नव्हते. 1 जुलै 2016 ते 30 जून 2019 या काळात मी एका वर्कशॉपमध्ये दरमहा रु. 13,000 वेतनावर, म्हणजे माझ्या पूर्वीच्या वेतनापेक्षा कमी वेतनावर, काम केले. 1 जुलै 2019 पासून पुन्हा रुजू होईपर्यंत मी कर्ज काढून घेतलेली रिक्षा चालवली. तिचा एकूण धंदा, खर्च व निव्वळ उत्पन्न यांचा महिनावार तक्ता सोबत जोडला आहे. कोणत्याही महिन्यात माझे निव्वळ उत्पन्न पूर्वीच्या वेतनाइतके नव्हते."

शेवटचे वाक्य तक्ता पूर्ण झाल्यावर आणि ते खरे असेल तरच लिहावे. सणासुदीच्या एखाद्या महिन्यात 22,000 च्या वर गेला असाल, तर "ते महिने वगळता" असे लिहा; त्या महिन्यांचे वेतन सोडून द्या. हे आपल्यासारख्या इतर वाचकांनाही लागू आहे. ज्यांना बडतर्फीनंतर पूर्वीइतक्या किंवा अधिक पगाराची नोकरी लागली, त्यांनी त्या काळाचे मागील वेतन मिळण्याची आशा धरू नये. त्यांनी सेवासातत्य, ज्येष्ठता आणि ग्रॅच्युइटी यांवर लक्ष द्यावे, कारण दुसरीकडच्या पगाराने त्यांची भरपाई झालेली नसते. आणि ज्यांचा खटला आज सुरू होतो आहे, त्यांनी प्रत्येक महिन्याची प्राप्ती आणि खर्च एका वहीत लिहून ठेवावा. नऊ वर्षांनी गॅसची पावती शोधण्यापेक्षा ते सोपे आहे.

रक्कम मिळेल त्या वेळेच्या दोन गोष्टी सांगतो. ती एकाच वर्षात हाती आली म्हणजे प्राप्तिकर त्याच वर्षात वरच्या दराने लागू शकतो. वेतनाच्या थकबाकीवर सवलत मिळते, पण विवरणपत्र भरण्यापूर्वी तिचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. म्हणून कंपनीकडून रकमेची वर्षनिहाय फोड लेखी घ्या. मागील वेतनावर भविष्यनिर्वाह निधीची वर्गणीही कापली आणि भरली गेली पाहिजे. 2016 ते 2019 या काळात वर्कशॉपची आणि कंपनीची अशा दोन नोंदी आपल्या खात्यावर दिसू लागतील, आणि पुढे पैसे काढताना किंवा निवृत्तिवेतनाच्या वेळी कार्यालय त्याचा खुलासा मागेल. त्यासाठी निवाड्याची, उच्च न्यायालयाच्या आदेशाची आणि आता होणाऱ्या निकालाची प्रमाणित प्रत स्वतंत्र फाइलमध्ये जपून ठेवा.